ताऱ्यांचा जीवनक्रम, तेजोमेघापासून श्वेत बटू किंवा सुपरनोव्हापर्यंत: असाइनमेंटसंबंधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी माध्यमातून पुढे आलेले आणि आता पदवीला भौतिकशास्त्र शिकणारे विद्यार्थी या असाइनमेंटच्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सर्व टप्पे सारख्याच तपशिलाने सांगण्याचा येथे प्रयत्न केलेला नाही. ज्या एका मुद्द्यावर बहुतेक असाइनमेंट घसरतात त्याला अधिक जागा दिली आहे, आणि त्यासाठी उदाहरण म्हणून आपल्या ओळखीचा व्याधाचा तारा घेतला आहे.

असाइनमेंटमध्ये नेमका कोणता प्रश्न सोडवायचा असतो?

तेजोमेघ, आदितारा, प्रमुख क्रम, तांबडा राक्षसी तारा आणि शेवटी दोन फाटे असा तक्ता प्रत्येकाच्या वहीत असतोच, आणि तो चुकीचाही नसतो. मात्र त्या तक्त्यात जेथे वाट दुभंगते तेथे एखादा तारा श्वेत बटूच्या दिशेने का जातो आणि दुसरा सुपरनोव्हाच्या दिशेने का जातो, याचे उत्तर "वस्तुमानामुळे" एवढ्या एका शब्दात उरकलेले असते. कोणते वस्तुमान, कोणत्या वेळचे आणि कशाचे, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर अपुरे राहते. सूर्याचे वस्तुमान हे एकक मानल्यास या विषयात 8 आणि 1.4 असे दोन आकडे येतात. पहिला जन्माच्या वेळच्या संपूर्ण ताऱ्याविषयी आहे, तर दुसरा शेवटी उरलेल्या गाभ्याविषयी. या दोन आकड्यांची सरमिसळ ही या असाइनमेंटमधील सर्वांत मोठी चूक आहे.

सुरुवात तेजोमेघापासून करावी, पण त्यात काय लिहावे?

मृग नक्षत्रातील, म्हणजे हरणाच्या पोटातील तीन ताऱ्यांच्या बाणाखाली दिसणारा धुरकट ठिपका हा सुमारे 1,350 प्रकाशवर्षे दूर असलेला मृगातील मोठा तेजोमेघ होय. त्याचे रंगीत चित्र मुखपृष्ठावर चिकटवण्यास हरकत नाही, पण चित्राखाली "या चमकत्या मेघातून तारे जन्मतात" असे लिहिण्यापूर्वी थोडे थांबावे. तो मेघ चमकतो तो त्याच्या आत आधीच जन्मलेल्या अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशामुळे. प्रत्यक्ष जन्म होतो तो त्याच्या मागे पसरलेल्या अंधाऱ्या आणि अतिथंड रेणुमेघात, जेथील तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम 10 ते 20 अंश असते. वायू तापलेला असेल तर त्याचा दाब गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. थंड असेल तरच दाट गाठी स्वतःच्या वजनाने आकुंचन पावू लागतात. आकुंचनाने गाभा तापत जातो आणि तेथील तापमान सुमारे 1 कोटी अंशांच्या घरात पोचल्यावर हायड्रोजनच्या संमीलनातून हेलियम बनू लागतो. तेथून ताऱ्याचे प्रौढ आयुष्य सुरू होते.

एक सावधगिरीची सूचना येथेच द्यावीशी वाटते. पुस्तकांत पुढे "ग्रहीय तेजोमेघ" नावाचा आणखी एक प्रकार येतो. त्याचा ताऱ्याच्या जन्माशी संबंध नाही आणि ग्रहांशी तर मुळीच नाही. तो मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू असतो. तक्त्यात हे दोन्ही मेघ एकाच चौकटीत घातलेले अनेकदा आढळतात.

मोठ्या ताऱ्याकडे इंधन जास्त असते, मग तो लवकर का संपतो?

कारण तो इंधन त्याहून कितीतरी अधिक वेगाने खर्च करतो. वस्तुमान जास्त असल्यास गाभ्यावरील भार जास्त, म्हणून तापमान जास्त, आणि संमीलनाचा वेग तापमानानुसार झपाट्याने वाढतो. प्रमुख क्रमावरील आयुष्याचा ढोबळ अंदाज पुढील सूत्राने येतो. त्यात M हे सूर्याच्या पटीतील वस्तुमान आणि t हा कोटी वर्षांतील काळ आहे.

```
t = 1000 / M^2.5
```

सूर्यासाठी M = 1 घेतल्यास 1,000 कोटी वर्षे मिळतात आणि त्यांपैकी सुमारे 460 कोटी वर्षे उलटून गेली आहेत. 20 सूर्यांच्या ताऱ्यासाठी हेच सूत्र सुमारे 56 लाख वर्षे देते, पण संगणकीय प्रतिमानांत तो आकडा 80 लाखांच्या आसपास येतो. म्हणून या सूत्राने आलेले उत्तर दशांश चिन्हापुढे तीन अंकांपर्यंत लिहिण्यात अर्थ नाही. "सुमारे" हा शब्द येथे शास्त्रीय अचूकतेचाच भाग आहे.

1.4 पेक्षा जड तारा सुपरनोव्हा होतो, असे लिहिले तर काय चुकते?

असे लिहिल्यास 2 किंवा 5 सूर्यांइतका प्रत्येक तारा स्फोट पावेल असा अर्थ निघतो आणि तसे घडत नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात तारा प्रचंड फुगतो, त्याच्या बाह्य थरांवरील पकड ढिली होते आणि तो संथ वाऱ्यासारखा आपला वायू अवकाशात सोडत राहतो. या काळात मध्यम वस्तुमानाचा तारा आपल्या मूळ वस्तुमानाचा अर्ध्याहून अधिक, कधी तीन चतुर्थांशाहूनही अधिक भाग गमावतो. मागे उरणारा कार्बन आणि ऑक्सिजनचा गाभा 1.4 सूर्यांच्या आत राहिला तर तो श्वेत बटू म्हणून स्थिर होतो.

जन्मवेळी सुमारे 8 सूर्यांपर्यंतचे वस्तुमान असेल तर ही गळती गाभ्याला मर्यादेच्या आत ठेवण्यास पुरते. त्याहून जड ताऱ्यांत गाभा इतका मोठा आणि तप्त होतो की कार्बनच्या पुढील संमीलनेही पेट घेतात आणि वाट लोखंडाकडे वळते. 8 हा आकडा मात्र भिंतीसारखा काटेकोर नाही. ताऱ्यात हेलियमपेक्षा जड मूलद्रव्ये किती आहेत, तो किती वेगाने फिरतो आणि त्याला जवळचा जोडीदार आहे का, यांवर तो थोडा मागेपुढे सरकतो.

याचे एखादे पडताळून पाहता येईल असे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्यातच दडलेले आहे. व्याध 8.6 प्रकाशवर्षे दूर आहे. तो आकाशात सरळ न सरकता किंचित नागमोडी सरकतो हे लक्षात आल्यावरून, त्याला न दिसणारा एक जोडीदार असला पाहिजे, असे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने 1844 साली मांडले. 1862 साली अमेरिकेतील अल्व्हान ग्रॅहम क्लार्क याने नवी दुर्बीण तपासत असताना तो मंद जोडीदार प्रत्यक्ष पाहिला. तेजस्वी ताऱ्याला व्याध-अ आणि मंद ताऱ्याला व्याध-ब म्हटले जाते, आणि हा व्याध-ब श्वेत बटू आहे.

दोघे एकमेकांभोवती सुमारे 50.1 वर्षांत एक फेरी पूर्ण करतात आणि त्यांच्या कक्षेची अर्ध-दीर्घ अक्ष सुमारे 19.8 खगोलीय एकके आहे. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने दोघांचे एकूण वस्तुमान असे मिळते:

```
M1 + M2 = a^3 / P^2 = 7762 / 2510 = 3.09
```

म्हणजे दोघे मिळून तीन सूर्यांहून किंचित जास्त. समाईक गुरुत्वमध्यापासून व्याध-ब हा व्याध-अ च्या सुमारे दुप्पट अंतरावर फिरतो, म्हणून वस्तुमानाची वाटणी जवळपास 2 आणि 1 अशी होते. अचूक मोजमापांनुसार व्याध-अ चे वस्तुमान 2.06 आणि व्याध-ब चे 1.02 आहे.

आता येथे एक विसंगती दिसली पाहिजे, आणि असाइनमेंटमध्ये ती स्वतःच्या शब्दांत मांडली तर लेखनाला वजन येते. जोडतारे साधारणपणे एकाच वेळी जन्मतात. जड तारा लवकर संपतो, हे आपण वर पाहिले. मग 1.02 वस्तुमानाचा तारा मरून श्वेत बटू झालेला असताना 2.06 वस्तुमानाचा त्याचा जोडीदार अजून प्रमुख क्रमावर हायड्रोजन जाळत कसा बसला आहे? याला एकच सरळ उत्तर आहे: आज हलका असलेला व्याध-ब जन्मवेळी दोघांत जड होता आणि त्याने आपले बहुतेक वस्तुमान गमावले आहे.

तो जन्मवेळी किती जड होता, हे आज कसे सांगता येते?

वयांच्या वजाबाकीवरून. व्याध-अ ची त्रिज्या, तेज आणि वस्तुमान प्रतिमानांशी जुळवून पाहिल्यास या जोडीचे वय सुमारे 24 कोटी वर्षे येते. श्वेत बटूमध्ये संमीलन थांबलेले असल्यामुळे तो केवळ थंड होत जातो, आणि किती थंड झाला यावरून श्वेत बटू होऊन किती काळ लोटला ते काढता येते. व्याध-ब च्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 25,000 अंश केल्व्हिन आहे. एवढ्या तापमानापर्यंत निवण्यास त्याला साडेबारा कोटींच्या आसपास वर्षे लागली असावीत. 24 मधून साडेबारा वजा केल्यास सुमारे साडेअकरा कोटी वर्षे उरतात, आणि त्याचे तारा म्हणून जगणे साधारण एवढ्या काळाचे ठरते.

आता वरचे सूत्र उलटे वापरावे. सोयीसाठी 11 कोटी वर्षे घेतल्यास 1000 ला 11 ने भागून सुमारे 91 येतात आणि त्याचे 2.5 वे मूळ सुमारे 6 आहे. सविस्तर प्रतिमाने मात्र 5 किंवा त्याहून किंचित अधिक असे मूळ वस्तुमान देतात. फरकाचे कारण सूत्राच्या ढोबळपणात आहे, शिवाय साडेअकरा कोटींत राक्षसी अवस्थेचा थोडा काळही मिसळलेला आहे. दोन्ही उत्तरे लिहून फरक का पडला ते सांगावे. जुळत नाही म्हणून गणित गाळून टाकू नये. मुख्य निष्कर्ष दोन्हींत तोच राहतो, की 1.4 पेक्षा कितीतरी जड पण 8 पेक्षा हलका असलेला हा तारा सुमारे चार सूर्यांइतके द्रव्य अवकाशात सोडून श्वेत बटू झाला.

ते द्रव्य आज व्याधाभोवती का दिसत नाही, असाही प्रश्न येतो. ग्रहीय तेजोमेघ काही हजार ते काही दशसहस्र वर्षे चमकतो आणि नंतर विरून जातो. येथे तर कोट्यवधी वर्षे उलटली आहेत. याच कारणाने, टॉलेमीने व्याधाला तांबूस म्हटले होते म्हणून व्याध-ब त्या काळी तांबडा राक्षसी तारा होता, हा इंटरनेटवर फिरणारा दावाही टिकत नाही. दोन हजार वर्षांत तांबड्या राक्षसी ताऱ्याचा इतका निवलेला श्वेत बटू होऊ शकत नाही.

संमीलन थांबल्यावर श्वेत बटू कोसळत का नाही?

आधी त्याची घनता काढावी म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळेल. व्याध-ब ची त्रिज्या सुमारे 5,850 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षाही थोडी कमी आहे, आणि एवढ्या आकारात सूर्याइतके वस्तुमान आहे. वस्तुमान 2.03 × 10^30 किलोग्रॅम आणि आकारमान 8.4 × 10^20 घनमीटर घेतल्यास सरासरी घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे 2.4 टन येते. चहाच्या चमच्यात मावेल एवढ्या त्या द्रव्याचे वजन पृथ्वीवर बारा टन, म्हणजे कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या भरगच्च ट्रॉलीएवढे भरेल.

इतक्या दाटीत इलेक्ट्रॉनांवर पुंज यांत्रिकीचा एक नियम लागू होतो: दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. जागा कमी होत गेली की त्यांना अधिकाधिक वेगाच्या अवस्था घ्याव्या लागतात आणि त्यातून दाब निर्माण होतो. हा दाब तापमानावर अवलंबून नसतो, त्यामुळे तारा थंड झाला तरी आधार सुटत नाही. इंग्रजी पुस्तकांत यालाच डिजनरसी प्रेशर म्हणतात.

मात्र या आधारालाही मर्यादा आहे. श्वेत बटूचे वस्तुमान वाढवले तर तो मोठा न होता आणखी लहान होतो आणि इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाऊ लागतो. वेग त्यापुढे वाढू शकत नसल्यामुळे दाबाची वाढ गुरुत्वाकर्षणाच्या वाढीला पुरी पडत नाही. 1930 साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले, तेव्हा प्रवासात केलेल्या गणितातून त्यांना या मर्यादेची पहिली चाहूल लागली. त्यावेळी ते एकोणीस वर्षांचे होते. सुमारे 1.4 सूर्यांची ही मर्यादा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि 1983 सालचे नोबेल पारितोषिक त्यांना ताऱ्यांच्या संरचनेच्या व उत्क्रांतीच्या अभ्यासासाठी मिळाले.

सुपरनोव्हाच्या फाट्यावर नेमके काय घडते?

जड ताऱ्याच्या गाभ्यात हेलियमनंतर कार्बन, निऑन, ऑक्सिजन आणि सिलिकॉन असे इंधन बदलत जाते, आणि प्रत्येक पुढचे इंधन आधीच्यापेक्षा लवकर संपते. 25 सूर्यांच्या ताऱ्यात हायड्रोजन सुमारे 70 लाख वर्षे पुरतो, कार्बन सुमारे 600 वर्षे आणि सिलिकॉन केवळ एक दिवस, असे प्रतिमाने सांगतात. सिलिकॉनपासून लोखंडाच्या गटातील मूलद्रव्ये तयार होतात आणि तेथे साखळी संपते, कारण लोखंडाच्या अणुकेंद्रकाचे संमीलन ऊर्जा देत नाही, उलट ती खाते.

लोखंडाचा हा गाभा काही काळ त्याच इलेक्ट्रॉनांच्या दाबावर तग धरतो. तो 1.4 च्या आसपास पोचला की आधार तुटतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत शिरून न्यूट्रॉन आणि न्यूट्रिनो बनतात, दाब आणखी घटतो आणि पृथ्वीएवढा गाभा एका सेकंदाच्याही आत काही दशकिलोमीटरांवर कोसळतो. अणुकेंद्रकाएवढी घनता आल्यावर तो अडतो, वरून कोसळणारे द्रव्य उसळते, आणि न्यूट्रिनोंनी दिलेल्या ऊर्जेच्या जोरावर बाह्य थर उधळले जातात. म्हणजे 1.4 हा आकडा दोन्ही फाट्यांवर तोच काम करतो. वरून विश्वचषकातल्या फटाक्यांसारखे दिसणारे तेज हे एकूण ऊर्जेच्या एका टक्क्यापेक्षाही कमी असते. सुमारे 99 टक्के ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात. 23 फेब्रुवारी 1987 रोजी मोठ्या मॅजेलनी मेघात स्फोट दिसला, तेव्हा प्रकाश वाढलेला आढळण्यापूर्वी काही तास आधी जपान, अमेरिका आणि रशिया येथील भूमिगत उपकरणांत मिळून दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो नोंदले गेले होते. गाभा आधी कोसळतो आणि धक्क्याची लाट पृष्ठभागापर्यंत पोचण्यास वेळ लागतो, याचा तो थेट पुरावा होता.

मागे साधारणपणे न्यूट्रॉन तारा उरतो; अवशेष फार जड असल्यास कृष्णविवर.

श्वेत बटू कधीच स्फोट पावत नाही का?

एकटा असेल तर नाही. जवळच्या जोडीदाराकडून द्रव्य मिळाले किंवा दोन श्वेत बटू एकमेकांत मिसळले, तर कार्बन अनियंत्रितपणे पेटून संपूर्ण तारा उधळला जातो. याला वन-ए प्रकारचा सुपरनोव्हा म्हणतात. यात गाभा कोसळत नाही आणि न्यूट्रॉन ताराही मागे राहत नाही, म्हणून तो तक्त्यात वेगळ्या बाणाने दाखवावा.

काक्षी लवकरच फुटणार आहे, असे लिहावे का?

लिहू नये. मृगातील तांबूस काक्षी हा महाराक्षसी तारा सुपरनोव्हाच्या वाटेवर आहे हे खरे, पण खगोलशास्त्रातील "लवकरच" म्हणजे सुमारे 1 लाख वर्षांच्या आत असा अर्थ होतो. 2019 च्या अखेरीपासून फेब्रुवारी 2020 पर्यंत तो लक्षात येण्याइतका मंद झाला, तेव्हा बऱ्याच अफवा उठल्या होत्या. त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूतून तयार झालेली धूळ आपल्या दृष्टिरेषेत आली, हे त्यामागचे मुख्य कारण ठरले.

निरीक्षणाचे पान जोडायचे असल्यास आपल्या भागातून काय दिसेल?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसामुळे हा विचार सोडावा. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री पावणेनऊच्या सुमारास काक्षी बेळगावातून जवळजवळ डोक्यावर असतो आणि साडेनऊच्या सुमारास व्याध दक्षिणेकडे सुमारे 57 अंश उंचीवर येतो. शहरातील दिव्यांतूनही हे दोन्ही तारे दिसतात. मृगातील तेजोमेघासाठी मात्र खानापूर किंवा जांबोटीच्या बाजूची अंधारी जागा आणि साधी द्विनेत्री असल्यास उत्तम. काक्षीचा तांबूस आणि व्याधाचा निळसर पांढरा रंग शेजारी शेजारी पाहून नोंदवावा, कारण रंगावरून पृष्ठभागाचे तापमान ठरते: काक्षी सुमारे 3,500 अंश, व्याध-अ सुमारे 10,000 अंश केल्व्हिन. व्याध-ब पाहिल्याचे मात्र खोटे लिहू नये. तो व्याध-अ पेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद आहे आणि त्याच्या झगमगाटात लहान दुर्बिणीतून हरवून जातो.

तक्त्यात श्वेत बटूनंतर "कृष्ण बटू" ही चौकट काढावी का?

काढता येईल, पण तुटक रेषेने. श्वेत बटू पूर्ण निवून अंधारा होण्यास लागणारा काळ विश्वाच्या आजच्या सुमारे 1,380 कोटी वर्षांच्या वयापेक्षा कितीतरी मोठा आहे, त्यामुळे असा एकही तारा अद्याप अस्तित्वात असू शकत नाही. तोंडी परीक्षेत कृष्ण बटूचे उदाहरण मागितले गेले तर नाव शोधत बसण्यापेक्षा हेच कारण सांगावे, आणि कृष्णविवर ही जड ताऱ्यांच्या फाट्यावरील वेगळी वस्तू आहे हेही त्याच उत्तरात स्पष्ट करावे.